उत्पादन परत मागवण्याची सूचना कशी असावी?

समजा, गोव्यातील एका उत्पादकाच्या काजू चिक्कीच्या काही पाकिटांत चुकून शेंगदाणे मिसळले गेले आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेखच नाही. शेंगदाण्यांची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला यातून प्राणघातक त्रास होऊ शकतो. अशा वेळी अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २८ नुसार उत्पादकाने माल बाजारातून आणि ग्राहकांकडून परत मागवण्याची प्रक्रिया तत्काळ सुरू करणे, त्याचे कारण सांगणे आणि सक्षम अधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. त्यामुळे ‘तांत्रिक कारणास्तव’ असा मोघम शब्दप्रयोग येथे चालत नाही.

मराठी सूचना अशी असू शकते :

‘काजू चिक्की, २०० ग्रॅम, बॅच KC214, वेष्टनावर EXP 18 NOV 2025 असे छापलेली पाकिटे आम्ही परत मागवत आहोत. या पाकिटांत शेंगदाणे आहेत. वेष्टनावर तसा उल्लेख नाही. शेंगदाण्यांची ॲलर्जी असलेल्यांनी ही चिक्की खाऊ नये. खाल्ल्यानंतर त्रास जाणवल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे. पाकीट दुकानात परत करावे. बिल नसले तरी पूर्ण किंमत मिळेल. अन्य बॅचना ही सूचना लागू नाही.’

याखाली उत्पादकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी आणि सूचनेची तारीख द्यावी.

बॅच क्रमांक आणि तारीख मराठी मजकुरातही रोमन अक्षरांत व अंकांत ठेवली आहे, कारण ग्राहक सूचना हातात धरून ती पाकिटावरील छपाईशी ताडून पाहतो. ‘केसी २१४’ असे लिहिल्यास तो गोंधळतो.

दोन भाषांतील तफावत बहुधा क्रियापदात शिरते. इंग्रजीत ‘मे कंटेन’ आणि मराठीत ‘आहेत’ असे झाले, तर एकाच घटनेची दोन विधाने तयार होतात आणि पुढे वाद उद्भवल्यास दोन्ही उत्पादकापुढे ठेवली जातात. तपासणीत शेंगदाणे सापडले असतील तर दोन्हीकडे ‘आहेत’ आणि केवळ शक्यता असेल तर दोन्हीकडे ‘असू शकतात’ असेच हवे. हे तपासण्यासाठी मूळ मजकूर न पाहिलेल्या व्यक्तीकडून मराठी सूचनेचे पुन्हा इंग्रजी करून घ्यावे. ‘तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य’ ही ओळ मात्र टाळावी. मराठी वाचूनच निर्णय घेणाऱ्याला ती निराधार करते.

‘घाबरण्याचे कारण नाही’ हे वाक्यही गाळावे. ॲलर्जी असलेल्याच्या दृष्टीने ते खरे नाही. ‘अद्याप एकही तक्रार नाही’ हे विधान तक्रार नोंदवही पाहूनच, तारखेसह करावे. दोष कोणाचा, याची चर्चा सूचनेत नको; चौकशी पूर्ण होण्याआधी दिलेली कबुली किंवा केलेला इन्कार दोन्ही अंगलट येऊ शकतात. काय आढळले आणि ग्राहकाने काय करावे, एवढेच सूचनेने सांगावे.