फळीवर चार, गरज आठची!

विमान सुटायच्या वेळेला इंजिनाचा ब्लीड व्हॉल्व्ह दगा देतो. इंजिनातली गरम दाबाची हवा केबिनकडे सोडणारी ही झडप. तिथे उभ्या उभ्या ती उघडून दुरुस्त करायला कोणी बसत नाही. खराब नग काढायचा, फळीवरचा चांगला बसवायचा आणि विमान सोडायचं. काढलेल्या नगाला लाल टॅग लागतो, तो वर्कशॉपला जातो आणि दुरुस्त होऊन पुन्हा त्याच फळीवर येतो. विमानवाले अशा नगांना ‘रोटेबल’ म्हणतात. रेल्वेत ‘युनिट एक्स्चेंज’ म्हणून हीच पद्धत चालते, आणि रिकंडिशन केलेलं इंजिन टाकून एसटी रस्त्यावर काढतात तेव्हाही हेच घडत असतं.

नग संपत नाहीत, फिरत राहतात. मग फिरते ठेवायचे तरी किती? उत्तर वाटतं तितकं सरळ नाही, आणि म्हणूनच मजेदार आहे.

पहिला आकडा पाढ्यातून निघतो

समजा, एका कंपनीकडे ४० विमानं आहेत. प्रत्येकावर दोन व्हॉल्व्ह, आणि विमान रोज सरासरी १० तास उडतं. म्हणजे सगळे व्हॉल्व्ह मिळून रोज ८०० तास काम करतात. दर ८,००० तासांना एक नग काढावा लागतो असं रजिस्टर सांगतं. याचा अर्थ दहा दिवसांत एक नग. काढल्यापासून दुरुस्त होऊन फळीवर येईपर्यंत ४० दिवस जातात. तेव्हा कुठल्याही दिवशी पाहिलं, तर सरासरी चार नग ‘वाटेवर’ असणार.

इथे एक बारकावा आहे. हिशेबात धरायचे ते काढलेले नग, बिघडलेले नव्हेत. वर्कशॉपमध्ये तपासल्यावर बरेच नग ठणठणीत निघतात आणि कागदावर ‘नो फॉल्ट फाउंड’ असा शेरा पडतो. पण तो ठणठणीत नगही तेवढे दिवस फळीवर नव्हताच! म्हणून खरे बिघाड तेवढे मोजले, तर साठा हमखास कमी पडतो.

चार ठेवले, तर निम्म्याहून जास्त वेळा फळी रिकामी

चार नग वाटेवर, म्हणून चारच जादा घेतले, तर काय होईल? आणखी एखादा व्हॉल्व्ह बंद पडल्यावर फळीवर तयार नग सापडण्याची शक्यता फक्त ४३ टक्के. कारण चार ही सरासरी आहे, आणि बिघाड काही दर दहा दिवसांनी शिस्तीत रांग लावून येत नाहीत. महिनाभर शांतता असते, मग एकाच आठवड्यात तीन येतात.

या बेशिस्तीलाही नियम आहे. फ्रेंच गणिती पॉयसाँ यांनी १८३७ साली न्यायनिवाड्यातल्या संभाव्यतेवर पुस्तक लिहिलं, त्यात त्याचं सूत्र आलं. आज स्टोअरचे लोक ते व्हॉल्व्हला लावतात. त्या सूत्रानं एकेक नग वाढवत गेलं, की चित्र असं दिसतं: पाचव्या नगानं ४३ टक्क्यांचे ६३ होतात, सहाव्यानं ७९, सातव्यानं ८९, आठव्यानं ९५. नववा नग जेमतेम तीन टक्के देतो आणि दहावा फक्त एक. किंमत मात्र प्रत्येकाची तेवढीच. म्हणूनच ‘कधीच कमी पडू नये’ असा हुकूम देणाऱ्या साहेबांना स्टोअरवाल्यानं आधी ही उतरंड दाखवावी.

वर्गमुळाचा तोडगा

संगणक हाताशी नसेल तर? वाटेवरच्या सरासरीत तिच्या वर्गमुळाची दुप्पट मिळवा. चाराचं वर्गमूळ दोन, त्याची दुप्पट चार, एकूण आठ. ९५ टक्क्यांच्या आसपास भरवसा मिळतो. सरासरी १६ असेल, तर वर्गमूळ चार, दुप्पट आठ, एकूण २४. पुन्हा तेच, ९६ टक्के! पाढ्यांच्या पुढे जाऊ न देणारं इतकं नेमकं सूत्र मला दुसरं माहीत नाही. फक्त सरासरी एकाच्याही खाली गेली, की त्यावर विसंबू नका, तिथे पूर्ण गणितच करा.

गणित व्हॉल्व्हचं, शोध टेलिफोनचा

आता एक शंका रास्त आहे. ४० दिवस ही सरासरी झाली, पण एखादा नग १५ दिवसांत येतो आणि एखादा शंभर दिवस लटकतो. या चढउतारानं हिशेब कोसळायला नको का?

कोसळत नाही, आणि या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट तीच. कॉनी पाम हे स्वीडनचे टेलिफोन अभियंते. १९३८ च्या सुमारास ते एक्स्चेंजमधल्या लाइनी किती ठेवाव्यात यावर काम करत होते. त्यांनी दाखवलं की एका वेळी किती कॉल चालू असतील, हे कॉलच्या सरासरी लांबीवरच ठरतं. काही कॉल मिनिटाचे आणि काही तासाचे असले, तरी उत्तर बदलत नाही. कॉलच्या जागी दुरुस्ती ठेवा, लाइनीच्या जागी वाटेवरचा नग ठेवा, की गणित जसंच्या तसं लागू.

त्यामुळे दुरुस्तीच्या दिवसांचा तपशीलवार आलेख काढत बसावं लागत नाही, खरी सरासरी मिळाली की पुरे. पण अट एकच, आणि ती कडक आहे: एका नगाच्या दुरुस्तीनं दुसऱ्याची दुरुस्ती अडायला नको. वर्कशॉपमध्ये त्या व्हॉल्व्हचं एकच टेस्ट बेंच असेल आणि ते सतत गुंतलेलं असेल, तर जास्त नग आले की रांग वाढते, रांगेबरोबर सरासरीही वाढते, आणि आठाचे आठ अपुरे पडतात. हे ओळखायची खूण सोपी आहे. जास्त नग पाठवलेल्या महिन्यांत परतीचे दिवसही वाढलेले दिसले, तर नग विकत घेण्याआधी बेंचकडे बघावं.

दुरुस्ती चार दिवसांची, फेरी चाळीसची

ते ४० दिवस जातात कुठे? आपल्या उदाहरणात असं धरू: काढलेला नग स्टोअरच्या कोपऱ्यात ३ दिवस, परदेशी वर्कशॉपपर्यंतचा प्रवास आणि कस्टम ७, रांग आणि कोटेशनची मंजुरी १४, सुट्या भागांची वाट ५, परतीचा प्रवास आणि कागदपत्रं ७. स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून केलेलं काम? ४ दिवस.

कागदपत्रांनाही हसू नका. प्रमाणपत्राशिवाय आलेला व्हॉल्व्ह कितीही चकचकीत असला, तरी विमानाला लावता येत नाही. तोवर तो वाटेवरच धरायचा.

आणि आता खरी कमाई. ही फेरी २० दिवसांवर आणली, तर वाटेवरची सरासरी दोनवर येते, आणि पाच नगांत तोच ९५ टक्क्यांचा भरवसा मिळतो. तीन व्हॉल्व्ह वाचले. कोटेशनवर त्याच दिवशी सही होणं आणि नग त्याच संध्याकाळी पॅक होणं, यातच बहुतेक दिवस वाचतात. माझं स्पष्ट मत आहे की नवे नग मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावासोबत आधी ही फेरी दिवसवार मांडलेली असावी. बऱ्याच ठिकाणी मात्र दुरुस्तीचे दिवस वर्कशॉपच्या दारापासून मोजतात. विमानावरून नग निघाल्यापासून मोजले, तरच खरा आकडा हाती येतो.

चाळीस मालक, चाळीस नग

हीच ४० विमानं ४० वेगवेगळ्या मालकांची असती आणि प्रत्येकानं आपापला एक व्हॉल्व्ह कपाटात ठेवला असता, तर? एकूण ४० नग, आणि वेळेला नग मिळण्याची शक्यता ९० टक्के. सगळ्यांचा साठा एकत्र केला, तर ८ नगांत ९५ टक्के! विमान कंपन्या रोटेबलचे सामाईक पूल चालवतात ते यामुळेच.

अडचण अंतराची. नग मुंबईत आणि विमान नागपुरात अडकलं, तर पूल असून रात्र जाते. मग तळांवर किती आणि मुख्य भांडारात किती? अमेरिकी हवाई दलाच्या याच प्रश्नावर रँड संस्थेतले क्रेग शेरब्रुक यांनी १९६८ साली ‘मेट्रिक’ नावाचं मॉडेल मांडलं. त्यांनी एकेका नगाची टक्केवारी बाजूला ठेवली आणि पैसे ठरलेले असताना सगळ्या तळांवर मिळून नगासाठी खोळंबलेल्या जागा कमीत कमी कशा राहतील, ते पाहिलं. आज वापरात असलेली बरीच सॉफ्टवेअर त्याच वाटेनं चालतात.

गणित कुठे फसतं

बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतात, हे सगळं त्या गृहीतावर उभं आहे. एकाच कारणानं सगळे नग एकदम उतरवावे लागले, की पॉयसाँची साथ सुटते. २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या जीटीएफ इंजिनांत धातूच्या भुकटीपासून बनलेल्या भागांत दोष सापडला. कंपनीनं सांगितलं की २०२६ पर्यंत ६०० ते ७०० जादा इंजिनं तपासणीसाठी उतरवावी लागतील आणि एकेकाला २५० ते ३०० दिवस लागतील. इंडिगोचीही डझनावारी विमानं जमिनीवर आली. रोजच्या बिघाडांसाठी ठेवलेली जादा इंजिनं अशा वेळी पुरणं शक्यच नव्हतं.

दुसरी फसगत हळूहळू होते. काही नग दुरुस्तीच्या पलीकडे जातात आणि परत येतच नाहीत. आठाचे सात, मग सहा होतात, पण कागदावर आठच राहतात. वर्षातून एकदा नगांचे अनुक्रमांक प्रत्यक्ष ताडून पाहिले, तरच हे कळतं.

तिसरी खूण हँगरमध्येच दिसते. एक उभं विमान रोज कुणाला तरी आपला भाग देत असतं. असा एक भाग फिरवायला काढण्या-बसवण्याचं काम दुप्पट लागतं, आणि धक्का लागायचा धोकाही वाढतो. हे वारंवार होऊ लागलं, तर साठा कमी आहे किंवा फेरी लांबली आहे, तिसरं कारण सहसा नसतं.

दिलासाही आहे. फळी रिकामी म्हणजे विमान थांबलंच, असं नाही. ‘एमईएल’ या यादीनुसार काही भाग बंद असतानाही ठरावीक दिवस, अटी पाळून उडता येतं: बी श्रेणीत ३ दिवस, सीमध्ये १०, डीमध्ये १२०. डी श्रेणीच्या नगासाठी ९५ टक्क्यांचा आग्रह धरणं म्हणजे पैसे फळीवर झोपवणं.

तुमच्याकडे विमान नसेल, पण पंप, मोटारी, ट्रान्सफॉर्मर किंवा एसटीचे गिअरबॉक्स असतील, तर खरेदीची पुढची फाइल हलवण्याआधी रजिस्टर उघडा आणि गेल्या वर्षीच्या प्रत्येक नगापुढे दोनच तारखा लिहा: काढला ती, आणि दुरुस्त होऊन फळीवर चढला ती.