स्वल्पविरामापाशी थांबायचं की नाही?

हिंदी ऑडिओबुकच्या निवेदकाची संहिता कधी हाती लागली, तर पहिल्यांदा ती खराब झालेली प्रत वाटते. ओळींमध्ये पेन्सिलीच्या तिरप्या रेघा, शब्दांखाली अधोरेखा, दोन शब्दांना जोडणाऱ्या छोट्या कमानी, मध्येच इंग्रजी व्हीसारखी खूण. छापलेले काही स्वल्पविराम तर चक्क खोडलेले असतात. कादंबरी रेकॉर्ड करण्याआधीचा बराचसा विचार या खुणांमध्ये उतरलेला असतो.

खुणांची सर्वमान्य यादी नाही, पण बहुतेकांचा संच साधारण सारखाच असतो. एक तिरपी रेघ म्हणजे क्षणभर विराम आणि दोन रेघा म्हणजे मोठा विराम. अधोरेखा म्हणजे जोर. कमान म्हणजे ‘इथे तोडू नका’, आणि व्ही म्हणजे श्वास. विराम आणि श्वास यांना वेगळ्या खुणा लागतात, कारण प्रत्येक थांब्यावर श्वास घेतला तर वाचणारा दमलेला वाटतो.

मुळात छापील विरामचिन्हं असताना हे सगळं करायचं कशाला? पूर्णविरामाचा दंड सोडला तर हिंदीतली बहुतेक विरामचिन्हं इंग्रजी छपाईच्या वळणाने आलेली आहेत. ती डोळ्यांना वाक्याची रचना दाखवतात. जीभ मात्र वेगळ्या जागी थांबते. हिंदी पुस्तकांत ‘कि’च्या आधी पुष्कळदा स्वल्पविराम असतो. बोलताना ‘कि’ सहसा मागच्या क्रियापदाला चिकटतो: ‘उसने सोचा कि’ एका दमात म्हणायचं आणि थांबायचंच असेल तर त्यानंतर. छापील खुणेशी प्रामाणिक राहून ‘उसने सोचा’वर थांबलं, की वाचन शाळेतल्या धड्यासारखं होतं.

एक वाक्य घेऊन पाहू. हे कुठल्या पुस्तकातलं नाही, उदाहरणापुरतं रचलेलं आहे:

रामदीन ने चौखट पर खड़े होकर देखा, कि वही आदमी, जो कल शाम नदी के उस पार बैलगाड़ी रोके बैठा था, आज उसके बेटे का हाथ पकड़े चला आ रहा है।

एकतीस शब्द आणि तीन स्वल्पविराम. नवखा वाचक तिन्ही ठिकाणी सारखाच थांबतो आणि ‘आ रहा है’पर्यंत पोचता पोचता त्याचा आवाज विरून जातो. क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषेतलं हे ठरलेलं दुखणं आहे. ‘चला आ रहा है’ ही शब्दांची आगगाडी नेमकी श्वास संपल्यावर येते. त्यामुळे खुणा करताना आधी शेवट पाहायचा आणि तिथवर दम पुरावा म्हणून श्वास कुठे घ्यायचा ते ठरवायचं. ‘आदमी’नंतर घेतला तर उरलेले एकवीस शब्द त्यावरच काढावे लागतात. ‘बैठा था’नंतर घेतला तर पुढे दहाच शब्द उरतात. शिवाय ‘त्या माणसाचं पुढे काय?’ ही उत्सुकता त्या श्वासाच्या वेळेत ताणली जाते. खुणा केलेलं वाक्य असं दिसेल:

रामदीन ने चौखट पर खड़े होकर देखा‿कि / वही आदमी‿जो कल शाम नदी के उस पार बैलगाड़ी रोके बैठा था / V आज उसके बेटे का हाथ पकड़े‿चला‿आ‿रहा‿है //

‘आदमी’नंतरच्या स्वल्पविरामाची कमान झाली आहे. तिथे थांबायचं नाही. ‘जो’पासूनचा तुकडा किंचित खालच्या पट्टीत आणि जरा वेगाने न्यायचा, म्हणजे ही मधली माहिती आहे हे कानाला कळतं. आता जोराचा प्रश्न. ‘वही’, ‘आज’, ‘बेटे’ असे तिन्ही शब्द अधोरेखेसाठी खुणावतात. पण तो माणूस श्रोत्याला आधीपासून ठाऊक आहे, आणि ‘आज’ श्वासानंतर येत असल्याने त्याला आपोआपच उठाव मिळतो. नवी आणि धक्कादायक गोष्ट एकच आहे, ती म्हणजे मुलाचा हात. म्हणून अधोरेखा फक्त ‘बेटे’खाली. एका वाक्यात तीन जागी जोर दिला, तर श्रोत्याच्या दृष्टीने तो कुठेच दिलेला नसतो.

जोराच्या बाबतीत ‘ही’, ‘भी’, ‘तो’ हे छोटे शब्द फार फसवतात. ‘मैंने कल ही पैसे दिए थे’ या वाक्यात ‘ही’ मराठीतल्या ‘च’चं काम करतो. तो जोर आणतो, पण स्वतःवर घेत नाही. म्हणायचं ‘कल’ ठसठशीत आणि ‘ही’ त्याला लागून हलका. ‘ही’वरच आघात करणारा निवेदक लगेच उपरा वाटतो. ‘तो’ दोन तऱ्हेने येतो. ‘मैं तो जाऊँगा’मध्ये तो ‘मैं’ला चिकटतो, तिथे कमान. ‘बारिश हुई तो नहीं जाऊँगा’मध्ये तो पुढचं वाक्य उघडतो, तिथे रेघ बहुधा त्याच्या आधी पडते.

काही वेळा तर खुणेवाचून अर्थच ठरत नाही. ‘क्या पढ़ रहे हो?’ हे वाचतो आहेस का, असंही विचारतं आणि काय वाचतो आहेस, असंही. छापलेली अक्षरं तीच. पहिल्या अर्थी वाक्याच्या शेवटी वर जाणारा बाण काढतात, दुसऱ्या अर्थी ‘क्या’खाली रेघ ओढतात. कुठला अर्थ हे पुढच्या संवादातून कळतं, त्यामुळे पुस्तक अगोदर पूर्ण वाचल्याशिवाय पेन्सिल उचलण्यात अर्थ नाही.

संवादातही तेच. प्रेमचंदांच्या कथांत बोलणाऱ्याचं नाव आणि त्याचा नूर अनेकदा संवादाच्या आधीच येतो, मग एक आडवी रेघ आणि मग बोलणं. वाचणाऱ्याची सोय होते. नव्या कादंबऱ्यांत मात्र चार ओळींचा संवाद संपल्यावर कळतं की तो ‘फुसफुसाकर’ म्हटला होता. तोवर निवेदक खणखणीत आवाजात बोलून गेलेला असतो. म्हणून असा शब्द संवादाच्या सुरुवातीला, समासात आधीच लिहून ठेवतात.

आता मायक्रोफोनकडे. तो तोंडापासून वीतभर अंतरावर असला की घाईने ओढलेला श्वास सुसकाऱ्यासारखा पकडतो. आवाज संपादक श्वास सहसा पुसत नाही, त्याची पातळी खाली आणतो, कारण श्वास पूर्ण काढलेलं वाचन ऐकताना श्रोत्यालाच घुसमटल्यासारखं होतं. पण ‘राम’ आणि ‘ने’च्या मध्ये घेतलेला श्वास कितीही हळू केला तरी वाक्य तुटलेलंच राहतं. ‘ने’, ‘को’, ‘से’, ‘का’ यांच्याआधी व्ही येता कामा नये, हा या कामातला जवळजवळ एकमेव कडक नियम. पान उलटतानाही अशीच तूट पडते. म्हणून संहिता मांडताना वाक्य दोन पानांत विभागू देत नाहीत, मग पानाचा तळ रिकामा राहिला तरी चालतो.

या सगळ्याचा अतिरेकही होतो. प्रत्येक ओळीत पाच-सहा खुणा असल्या की निवेदक गोष्ट सोडून खुणा वाचू लागतो आणि प्रत्येक वाक्याला एकच चाल लागते. याची तपासणी सोपी आहे: रेकॉर्डिंग संहिता बाजूला ठेवून ऐकायचं. खूण कुठे होती हे ऐकून सांगता येत असेल, तर ती जास्त झाली. अनुभवी निवेदक सरळ वाक्यं कोरी सोडतात आणि पेन्सिल लांब, दुहेरी अर्थाच्या किंवा सरावात अडखळलेल्या वाक्यांसाठी राखतात. श्वासाच्या जागा तर दुसऱ्याने ठरवून चालतच नाहीत. दिग्दर्शक जोर आणि विराम सुचवू शकतो, पण एका निवेदकाला एका दमात जमणाऱ्या एकवीस शब्दांसाठी दुसऱ्याला मध्ये व्ही लागतो. त्यामुळे तयार संहिता हातात आली तरी व्हीच्या खुणा निवेदक स्वतः मोठ्याने वाचून, रेकॉर्डिंगला बसतो तसाच खुर्चीत बसून करतो.