बस ताशी साडेतीन किलोमीटरने धावते तेव्हा

दहावीच्या बीजगणितातलं दुसरं प्रकरण वर्गसमीकरणांचं. अवयव पाडणं, सूत्र वापरणं इथपर्यंत मुलांची गाडी बरी चालते आणि शाब्दिक उदाहरणं आली की अडते. मग शिकवणीत शंकासत्र होतं. हल्ली ते बरेचदा मोबाइलवर रेकॉर्ड केलं जातं आणि आजारी असलेल्या किंवा गावाला गेलेल्या मुलांना पाठवलं जातं. पाऊण तासाची ती फाइल परीक्षेच्या आधी पुन्हा ऐकायला मात्र कुणाला सवड नसते. त्यातलं एक उदाहरण दोन पानांत नीट उतरवलं, तर ते वर्षभर कामाला येतं. हे उतरवणं कसं करायचं, हे एका नमुन्यावरून पाहू.

उदाहरण असं: एक बस १८० किलोमीटर अंतर एकसमान वेगाने जाते. तिचा वेग ताशी १० किलोमीटरने जास्त असता, तर तिला ३६ मिनिटं कमी लागली असती. बसचा वेग काढा.

अशा सत्राची सुरुवात बहुधा उदाहरणाच्या सुरुवातीपासून होत नाही. ती “सर, माझं उत्तर काहीतरीच येतंय” इथून होते. सर वही बघतात, मधली एखादी ओळ पकडतात, तिथून मागे जातात, मग दुसरी मुलगी विचारते, “पण मोठ्यातून लहान वजा करायचं ना?” आणि चर्चा आणखी मागे सरकते. म्हणजे ऐकण्याचा क्रम आणि सोडवण्याचा क्रम वेगळे असतात. ऐकता ऐकता उतरवत गेलं, तर हातात संवाद येतो, उत्तर येत नाही. म्हणून पहिल्या ऐकण्यात गणित लिहूच नये. कितव्या मिनिटाला कोणती शंका आली, तिच्यावर सरांनी फळ्यावरच्या कोणत्या ओळीला हात घातला, एवढीच नोंद करावी.

दुसऱ्यांदा ऐकताना पायऱ्या लिहायच्या. इथे बोलण्यातली आणि लिहिण्यातली तफावत फार जपावी लागते. सर म्हणतात, “एकशे ऐंशी भागिले एक्स अधिक दहा.” फळा पाहणाऱ्या मुलांना दिसतं की x + १० हे सगळं छेदात आहे. नुसता आवाज ऐकून लिहिणारा मात्र १८०/x आणि पुढे + १० असं लिहू शकतो. तसं लिहिलं, तर समीकरण होतं:

१८०/x − १८०/x + १० = ३/५

पहिली दोन पदं एकमेकांना उडवतात, x नाहीसा होतो आणि १० = ३/५ असं अशक्य विधान उरतं. अज्ञात संख्याच गायब झाली, की चूक ऐकण्यात झाली असावी असा संशय घ्यावा. उतरवताना कंस न विसरता घालावा: १८०/(x + १०). “हे इकडे घे”, “त्याने याला गुण” अशा वाक्यांतले ‘हे’ आणि ‘ते’ही पदांची नावं घेऊन लिहावे लागतात. आवाज खराब असेल, तर साठ आणि आठ यांतही घोटाळा होतो. तिथे पुढची ओळ सोडवून पाहिली, की खरा आकडा कळतो.

आता पायऱ्या. बसचा मूळ वेग ताशी x किमी मानू. वेळ म्हणजे अंतर भागिले वेग, म्हणून मूळ वेळ १८०/x तास आणि वाढीव वेगाने लागणारा वेळ १८०/(x + १०) तास. वेग वाढला की वेळ कमी होतो, म्हणून मूळ वेळ मोठा. मोठ्यातून लहान वजा केला की फरक मिळतो. हा फरक ३६ मिनिटं, म्हणजे ३६/६० तास, म्हणजेच ३/५ तास.

१८०/x − १८०/(x + १०) = ३/५

इथे शिक्षक बहुतेक वेळा म्हणतात, “आता छेद समान करा की आलंच.” या ‘आलंच’मध्ये तीन ओळी दडलेल्या असतात आणि घरी बसून वाचणारं मूल नेमकं तिथेच थांबतं. म्हणून त्या पूर्ण लिहाव्यात. छेद समान केल्यावर अंशात १८०(x + १०) − १८०x राहतं, म्हणजे १८००.

१८००/[x(x + १०)] = ३/५
३x(x + १०) = ९०००
x(x + १०) = ३०००
x² + १०x − ३००० = ०

गुणाकार ३००० आणि फरक १० अशा दोन संख्या ६० आणि ५०. मधलं पद धन आहे, म्हणून मोठी संख्या धन.

(x + ६०)(x − ५०) = ०
x = −६० किंवा x = ५०

वेग ऋण नसतो, म्हणून −६० घ्यायचं नाही. बसचा वेग ताशी ५० किमी. ताळा असा: ताशी ५० ने १८० किमीला ३ तास ३६ मिनिटं, ताशी ६० ने बरोबर ३ तास. फरक ३६ मिनिटं.

या मांडणीत प्रत्येक ओळीच्या मागचं ‘का’ आहे, आणि ते सरांच्या बोलण्यातूनच घेतलेलं आहे. “वेग वाढला की वेळ कमी, म्हणून मूळ वेळ मोठा” हे वाक्य फळ्यावर कधीच लिहिलं जात नाही, ते फक्त उच्चारलं जातं. रेकॉर्डिंगमधून काही एकच गोष्ट वाचवायची झाली, तर ती हीच वाक्यं वाचवावीत. नुसती समीकरणं कुठल्याही मार्गदर्शकात मिळतात.

सोडवलेली उदाहरणं अभ्यासण्याचा उपयोग संशोधनानेही तपासलेला आहे. ऑस्ट्रेलियात जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत, सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्याच धाटणीची पुढची उदाहरणं अधिक वेगाने आणि कमी चुका करत सोडवली. मात्र हा फायदा मूळ उदाहरणाशी साम्य असलेल्या उदाहरणांपुरताच दिसला. म्हणूनच पायऱ्यांच्या जोडीला चुकांचं पान हवं, कारण चूक समजली की उदाहरणाचा सांगाडा समजतो.

चुकांचं पान करताना बहुतेकजण “एकके नीट पाहा”, “चिन्हांकडे लक्ष द्या” असं लिहून मोकळे होतात. त्याचा मुलांना काही उपयोग होत नाही. चूक करणाऱ्याला आपण चुकतोय हे ठाऊकच नसतं, त्याच्यासमोर फक्त उत्तर असतं. म्हणून चूक तिच्या उत्तरासकट नोंदवावी: असं उत्तर आलं, तर अमुक ठिकाणी गडबड झाली आहे. त्यासाठी शंकासत्रातली मुलांची चुकीची उत्तरं हा खरा ऐवज आहे. सरांनी ती पुसून टाकलेली असतात, पण रेकॉर्डिंगमध्ये ती शाबूत असतात.

“माझं उत्तर काहीतरीच येतंय” म्हणणाऱ्या मुलाचं पाहू. त्याने उजवीकडे ३/५ ऐवजी थेट ३६ लिहिले. मग x(x + १०) = ५० आणि x² + १०x − ५० = ० असं समीकरण आलं. त्याचे अवयव पडेनात, सूत्राने उत्तर आलं सुमारे ३.६६. ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या बसपेक्षा माणूस चालत लवकर पोचेल. गंमत म्हणजे समीकरणाच्या हिशेबाने हे उत्तर चूक नाही. त्या वेगाने प्रवासाला सुमारे ४९ तास लागतील, वेग १० ने वाढवला तर सुमारे १३, आणि फरक ३६ तासांचा. मुलाने दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर काढलं होतं.

याच चुकीचं एक फसवं भावंड आहे. ३६ मिनिटं म्हणजे ०.३६ तास असं समजणारी मुलं पुष्कळ. तसं केलं तर x² + १०x − ५००० = ० येतं आणि वेग सुमारे ६५.९. हा वेग बसला अगदी शोभतो, त्यामुळे नुसत्या अदमासाने ही चूक पकडता येत नाही. ताळाही तासांतच केला तर तो जुळतो, कारण फरक ०.३६ तासच येतो. तो फरक मिनिटांत फिरवला की साडेएकवीसच्या वर मिनिटं निघतात आणि मग चूक उघडी पडते. ताळा प्रश्नात दिलेल्या एककातच करावा, ही सूचना या एका आकड्यामुळे मुलांच्या डोक्यात बसते.

“मोठ्यातून लहान वजा” हे ऐकून मोठा वेग पाहणाऱ्या मुलीची चूक वेगळी. x + १० मोठा म्हणून तिने १८०/(x + १०) मधून १८०/x वजा केला. समीकरण आलं x² + १०x + ३००० = ०. त्याचा विवेचक १०० − १२०००, म्हणजे ऋण. वास्तव मुळं नाहीत. विवेचक ऋण आला, की मुलं प्रश्नच चुकीचा छापलाय असं ठरवतात. चुकांच्या पानावर लिहावं: विवेचक ऋण आला, तर आधी वजाबाकीचा क्रम तपासा. छेद मोठा झाला की अपूर्णांक लहान होतो.

सगळ्यात दगाबाज चूक शेवटच्या ओळीत होते. (x + ६०)(x − ५०) = ० वरून घाईत x = ६० किंवा −५० लिहिलं जातं. −५० सोडून उत्तर ६०. तो आकडाही शोभतो आणि उदाहरणात खरोखर असतो, कारण वाढीव वेग तोच आहे. इथे फक्त ताळाच वाचवतो: ताशी ६० ने ३ तास, ताशी ७० ने सुमारे २ तास ३४ मिनिटं, फरक सुमारे २६ मिनिटांचा.

सत्रात न घडलेल्या पण घडू शकतील अशा दहा चुका भरीला घालू नयेत, पान वाढतं आणि धार जाते. शिक्षकांच्या बोलण्यातली चूकही तपासावी. “अधिक... नाही नाही, उणे” असं म्हटलं असेल, तर शेवटचं तेवढं घ्यावं. फळ्यावर चुकीचं चिन्ह राहून गेलं असेल, तर शिक्षकांना विचारूनच दुरुस्ती करावी. मुलांची नावं पानावर अर्थातच येऊ देऊ नयेत.

पान तयार झालं, की ते सत्रात नसलेल्या मुलाला द्यावं आणि ते मिटून थोडं बदललेलं उदाहरण त्याला सोडवायला सांगावं. उदाहरणार्थ, वेग ताशी १० किलोमीटरने कमी असता तर ३६ मिनिटं जास्त लागली असती. अंतर तेच, १८०. पाठ केलेल्या पायऱ्यांवर चालणारं मूल इथेही x + १० लिहून ५० वर येतं. ‘का’ वाचलेलं मूल थांबून म्हणतं, आता वेग घटला, म्हणजे नवा वेळ मोठा. ते १८०/(x − १०) − १८०/x = ३/५ मांडतं, x² − १०x − ३००० = ० सोडवतं आणि ताशी ६० लिहितं. मघाशी चुकीचं असलेलं हे उत्तर या वेळी बरोबर असतं.