दवाखान्याचा कागद घरच्या भाषेत

प्रभादेवीच्या चाळीत रुग्ण इंग्रजी कागद घेऊन परततो. समजा, हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यावर लिहिले आहे: स्टेंट बसविला, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ओ.डी.; सॉर्बिट्रेट एस.ओ.एस.

घरच्यांसाठी मराठीत असे लिहावे: "हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळीची नळी बसविली आहे. तीत गुठळी होऊ नये म्हणून पहिल्या दोन गोळ्या रोज एकेकदा घ्याव्यात. तिसरी रोज नाही. छातीत दुखले तरच, बसून, जिभेखाली ठेवावी. पाच मिनिटांत न थांबल्यास तडक इस्पितळ गाठावे. बरे वाटते किंवा दात काढायचा आहे म्हणून पहिल्या दोन गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. नळी तुंबून जीव जाऊ शकतो."

हा मजकूर डॉक्टरांकडून तपासून घ्यावा. मग घरच्यांनी तो आपल्या शब्दांत सांगावा. सांगता आला तरच तो कळला.