बारावी रेघ आणि भास्कराचार्यांच्या काड्या

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त क्षेत्रफळाची रीत सांगण्याआधी एक अट घातली आहे. बाजू दिल्या की लगेच गुणाकाराला लागायचे नाही. त्या बाजूंची आकृती होते का, हे आधी बघायचे. एक बाजू उरलेल्या बाजूंच्या बेरजेपेक्षा मोठी किंवा तिच्याइतकीच असेल, तर ती आकृती त्यांच्या भाषेत ‘अक्षेत्र’. कोणी कितीही बेधडक सांगितली तरी ती अस्तित्वातच नाही. उदाहरणेही त्यांनी दिली आहेत : ३, ६, २ आणि १२ बाजूंचा चौकोन, आणि ३, ६, ९ बाजूंचा त्रिकोण. पटत नसेल तर तेवढ्या लांबीच्या सरळ काड्या मांडून दाखवाव्यात, असेही पुढे म्हटले आहे.

१११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी हा ग्रंथ रचला. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने तिथे मठ काढला होता.

काड्यांचा प्रयोग घरी करून बघण्यासारखा आहे. केरसुणीच्या तीन काड्या ३, ६ आणि ९ इंचांच्या कापा. नऊ इंची काडी जमिनीवर आडवी ठेवा. तिच्या एका टोकाला तीन इंची, दुसऱ्या टोकाला सहा इंची काडी लावा आणि दोन्हींची मोकळी टोके एकमेकांकडे झुकवत न्या. ती भेटतात, पण केव्हा? दोन्ही काड्या नऊ इंचीवर पूर्ण आडव्या पडल्यावर. कोन उरत नाही, आत जागा उरत नाही. आता नऊऐवजी दहा इंची काडी घ्या. झुकवून झुकवून दोन्ही काड्या आडव्या केल्या, तरी मध्ये एक इंचाची फट राहते. चौकोनाचेही तसेच. ३, ६ आणि २ मिळून ११ होतात, त्यामुळे बाराव्या रेघेपर्यंत त्या पोहोचतच नाहीत.

युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’मध्ये पहिल्या ग्रंथाचे विसावे विधान हेच आहे : त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या असतात. याला सिद्धता कशाला हवी, म्हणून एपिक्युरसपंथी युक्लिडची थट्टा करीत, असे प्रोक्लसने लिहून ठेवले आहे. त्यांचे म्हणणे असे की गवत समोर दिसले की गाढवसुद्धा वळसा न घेता सरळ जाते. प्रोक्लसचे उत्तर मला योग्य वाटते : डोळ्यांना दिसणे वेगळे आणि ते का खरे आहे हे समजणे वेगळे.

विधानात ‘कोणत्याही दोन बाजू’ असे असल्याने मुले तिन्ही जोड्यांच्या बेरजा करत बसतात. त्याची गरज नाही. सर्वांत मोठी बाजू निवडा आणि उरलेल्या दोघींची बेरीज तिच्यापेक्षा जास्त आहे का, एवढेच बघा. बाकीच्या दोन बेरजांत ती मोठी बाजू स्वतःच असते, त्यामुळे त्या आपोआप जास्तच भरतात. मात्र तिन्ही लांबी एकाच मापात आणून घ्याव्यात. एक फुटात आणि दोन मीटरमध्ये असल्या, तर चांगला त्रिकोणही खोटा ठरेल.

दोनच बाजू माहीत असतील तर तिसरी किती असू शकते? समजा, त्रिकोणी जमिनीच्या दोन बाजू २८ मीटर आणि ४५ मीटर आहेत. एका खुंटीवर त्या बिजागरीसारख्या जोडल्या आहेत, असे धरा. मिटत मिटत एकमेकींवर आणल्या तर मोकळ्या टोकांतले अंतर ४५ वजा २८, म्हणजे १७ उरते. उघडत उघडत सरळ रेषेत आणल्या तर २८ अधिक ४५, म्हणजे ७३ होते. ही दोन्ही टोके वर्ज्य, कारण तिथे त्रिकोण आडवा पडतो. तिसरी बाजू १७ पेक्षा जास्त आणि ७३ पेक्षा कमी असली पाहिजे. वरची मर्यादा बहुतेकांच्या लक्षात राहते, खालची सुटते. तिसरी बाजू फार लहान असली तर ४५ मीटरची बाजूच सर्वांत मोठी होते आणि २८ मीटरवाली तिच्यापर्यंत पोहोचण्यात कमी पडते, म्हणून वजाबाकीही करावी लागते.

आता समजा, कागदावर या जमिनीची तिसरी बाजू ७५ मीटर लिहिली आहे. २८ आणि ४५ ची बेरीज ७३, म्हणजे दोन मीटर कमी. हे न बघता कोणी हेरॉनच्या सूत्राने क्षेत्रफळ काढायला गेला, तर काय होईल? तिन्ही बाजूंच्या बेरजेचे निम्मे ७४. त्यातून बाजू एकेक करून वजा केल्या तर ४६, २९ आणि उणे १ येतात. चौघांचा गुणाकार ऋण, आणि ऋण संख्येचे वर्गमूळ मागितल्यावर साधा कॅल्क्युलेटर चूक दाखवतो.

आकडे उलटे लिहिले गेले असतील आणि खरी बाजू ५७ मीटर असेल, तर क्षेत्रफळ सुमारे ६२० चौरस मीटर येते, म्हणजे सहा गुंठ्यांहून थोडे जास्त. पण ५७ मर्यादेत बसते म्हणून तेच बरोबर, असे म्हणता येत नाही. ६७ सुद्धा बसते, आणि त्याने क्षेत्रफळ सुमारे ४७० येते. शिवाय चूक २८ किंवा ४५ मध्येही असू शकते. ही कसोटी अशक्य माप ओळखून देते. खरे माप कोणते, ते जागेवर टेप धरूनच कळते.

मर्यादेच्या अगदी काठावरचे माप तर जास्तच सावधपणे घ्यावे लागते. तिसरी बाजू ७२ मीटर मोजली, तर त्रिकोण होतो आणि क्षेत्रफळ सुमारे २१० चौरस मीटर येते. टेप थोडा सैल राहिल्यामुळे तीच बाजू साडेबहात्तर मोजली गेली, तर क्षेत्रफळ १५० वर घसरते. अर्ध्या मीटरच्या फरकात साठ चौरस मीटर गेले! हीच अर्ध्या मीटरची चूक ५७ च्या जागी झाली असती, तर फरक दोन-तीन चौरस मीटरचा पडला असता. ७२ मीटरच्या त्रिकोणात समोरचा कोन १६० अंशांपर्यंत उघडलेला असतो. तो जवळजवळ आडवा झाल्याने उंची फार थोडी उरते आणि लांबीतली लहानशी चूकही ती उंची खाऊन टाकते. म्हणून साखळी-मोजणीत त्रिकोण असे निवडतात की कोणताही कोन ३० अंशांहून लहान आणि १२० अंशांहून मोठा नसावा.

तुमच्या जमिनीच्या कागदावर त्रिकोणी तुकड्याच्या तीन बाजू लिहिलेल्या असतील, तर क्षेत्रफळाच्या आकड्याआधी सर्वांत मोठी बाजू बघा. ती उरलेल्या दोघींच्या बेरजेइतकी किंवा जास्त असेल, तर ते मोजमाप पुन्हा करून मागा. ती बेरजेच्या अगदी जवळ असेल, तरी स्वतः समोर उभे राहून ताणलेल्या टेपने ती बाजू पुन्हा मोजून घ्या.