आधी सरासरी, की आधी घन?

२ आणि ८ यांची सरासरी ५. तिचा वर्ग केला की २५ येतात. आता क्रम उलटा केला, म्हणजे आधी दोन्हींचे वर्ग केले, तर ४ आणि ६४ मिळतात आणि त्यांची सरासरी ३४ भरते. आकडे तेच, क्रियाही त्याच दोन, तरी उत्तरांत ९ चा फरक. कोणतेही आकडे घेतले तरी वर्गांची सरासरी ही सरासरीच्या वर्गापेक्षा कमी कधीच येत नाही. सगळे आकडे एकसारखे असले तरच दोन्ही उत्तरे जुळतात. हे एका आकाराचे फळ आहे: वर्गाचा आलेख वाटीसारखा वर उघडणारा आहे, आणि असा आकार असला की ही असमता आपोआप येते.

एक संख्या घेऊन ठरलेल्या नियमाने दुसरी संख्या देणाऱ्या संबंधाला गणितात फलन म्हणतात. वर उघडणाऱ्या वाटीचा आलेख असलेले फलन ते बहिर्वक्र. या शब्दाने विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो, कारण वरून पाहिले तर वाटी आत गेलेली दिसते. गणिताने तिचे नाव खालून पाहून ठेवले आहे. म्हणून नावापेक्षा कसोटी लक्षात ठेवणे बरे. आलेखावरच्या कोणत्याही दोन बिंदूंमध्ये ताणून दोरी बांधली, तर मधला आलेख दोरीच्या वर कुठेही येता कामा नये. या दोरीला भूमितीत जीवा म्हणतात.

ही असमता अगदी ठोस रूपात दिसते ती पवनचक्कीच्या हिशेबात. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, शिवाय तेवढ्याच वेळात पात्यांच्या चकतीतून हवाही दुप्पट जाते, म्हणून शक्ती आठपट. समुद्रसपाटीच्या हवेत सेकंदाला ६ मीटर वेगाचा वारा प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे १३२ वॅट शक्ती घेऊन जातो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या किंवा पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर हवा थोडी विरळ, म्हणून हा आकडा जरा कमी. पण पुढच्या युक्तिवादाला त्याने धक्का लागत नाही, कारण सगळे आकडे एकाच पटीत कमी होतात.

आता समजा, एका ठिकाणी वारा अर्धा वेळ ४ च्या आणि अर्धा वेळ ८ च्या वेगाने वाहतो. सरासरी वेग ६, आणि ६ चा घन २१६. प्रत्यक्षात मात्र अर्धा वेळ ६४ आणि अर्धा वेळ ५१२ या प्रमाणात शक्ती मिळते, म्हणजे सरासरी २८८. नुसत्या सरासरी वेगावर हिशेब करणाऱ्याच्या अंदाजापेक्षा वाऱ्यात एक तृतीयांश शक्ती जास्त आहे. जोराच्या वाऱ्याने जेवढे जास्त दिले, त्यापेक्षा मंद वाऱ्याने कमी हिरावले. आलेखावर हेच दिसते: ४ आणि ८ वरचे बिंदू जोडणारी जीवा ६ च्या ठिकाणी २८८ उंचीवर आहे, तर वक्ररेषा तिच्याखाली २१६ वर.

दोनच वेग असले की जीवा पुरते. वर्षभराच्या हजारो नोंदी असल्या तर काय? तिथे स्पर्शिका कामाला येते. सरासरीच्या बिंदूवर, म्हणजे ६ वर, घनाच्या आलेखाला स्पर्शिका काढली तर तिची उंची ६ वर २१६ असते आणि वेगातल्या प्रत्येक एककामागे ती १०८ ने चढते. वाटी आपल्या स्पर्शिकेच्या खाली कुठेच जात नाही. ४ वर स्पर्शिका ० दाखवते, वक्र ६४ वर आहे. ८ वर स्पर्शिका ४३२ दाखवते, वक्र ५१२ वर. म्हणजे वक्र एका जागी ६४ ने वर, दुसऱ्या जागी ८० ने वर. या दोन उचलींची सरासरी ७२, आणि २८८ व २१६ यांतला फरकही नेमका ७२.

हा योगायोग नाही, आणि सगळी सिद्धता याच निरीक्षणात आहे. सरळ रेषेच्या बाबतीत क्रमाने काही बिघडत नाही: सरासरीपेक्षा जास्त असलेल्या आकड्यांनी जेवढी भर घातली, तेवढीच कमी असलेल्यांनी काढून घेतली. त्यामुळे आकडे कितीही असोत, स्पर्शिकेवरच्या उंचींची सरासरी ही सरासरीच्या बिंदूवरची उंचीच असते, म्हणजे २१६. वक्र प्रत्येक ठिकाणी स्पर्शिकेवर किंवा तिच्या वर आहे, म्हणून वक्रावरच्या उंचींची सरासरी २१६ पेक्षा कमी होऊच शकत नाही. कुठला वेग जास्त वेळ होता आणि कुठला थोडा, याने काही बदलत नाही. त्या त्या वेळेच्या प्रमाणात भार देऊन सरासरी काढायची, एवढेच. सूत्रात मांडायचे तर:

f((x₁ + x₂ + … + xₙ)/n) ≤ (f(x₁) + f(x₂) + … + f(xₙ))/n

फरक किती पडेल, हे दोन गोष्टींवर ठरते: वाटी किती वळलेली आहे आणि आकडे किती विखुरलेले आहेत. सरासरी ६ च ठेवून वेग २ आणि १० घेतले, तर घन ८ आणि १०००, सरासरी ५०४. आधी वेग सरासरीपासून २ ने दूर होते तेव्हा वाढ ७२ होती. आता ते ४ ने दूर आहेत आणि वाढ २८८ आहे. अंतर दुप्पट, वाढ चौपट. खऱ्या ठिकाणचा वारा असा दोनच वेगांचा नसतो. पुष्कळ तास मंद, थोडे तास जोराचा, अशी त्याची वाटणी असते. पवनऊर्जेत पहिल्या अंदाजासाठी रॅली वितरण नावाची वाटणी घेतात, आणि तिच्यात घनांची सरासरी ही सरासरीच्या घनाच्या ६/π पट, म्हणजे सुमारे १.९१ पट येते. सरासरी ६ असलेल्या जागी मग चौरस मीटरमागे १३२ नव्हे, तर सुमारे २५३ वॅट निघतात. जणू वारा एकसारखा ७.४ च्या वेगाने वाहत होता. सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्यातला वारा आणि इतर महिन्यांतला वारा यांत एवढी तफावत असते की केवळ वार्षिक सरासरी वेग सांगून जागेची प्रत ठरवणे फसवे ठरते.

या असमतेला जेन्सनची असमता म्हणतात. योहान जेन्सन (१८५९–१९२५) हा डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत अभियंता होता. विद्यापीठातली नोकरी त्याने कधी केली नाही आणि वरचे गणित बरेचसे स्वतःच शिकला. बहिर्वक्र फलने आणि सरासऱ्यांमधल्या असमता यांवरचा त्याचा लेख १९०६ मध्ये ‘अॅक्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात आला. जर्मन गणिती ओटो होल्डर याने १८८९ मध्ये जवळपास हेच सिद्ध केले होते, पण गुळगुळीत आलेख असलेल्या फलनांसाठी. जेन्सनने मागितले फार थोडे: कोणत्याही दोन आकड्यांच्या मध्यावर आलेख जीवेच्या वर नसावा, बस्स.

तेवढ्यावरून अनेक आकड्यांपर्यंत जाण्याची वाट मोठी सुरेख आहे. दोन आकड्यांसाठी असमता हातात आहे. चार आकडे असले तर दोन-दोनच्या जोड्या करायच्या, प्रत्येक जोडीला नियम लावायचा आणि मग दोन सरासऱ्यांची पुन्हा जोडी करायची. तसेच आठ, सोळा. मग तीन आकड्यांचे काय? तिघांची सरासरी हाच चौथा आकडा म्हणून घ्यायचा. चौघांची सरासरी तीच राहते. चौघांसाठी असमता माहीत आहे. तिच्यातून चौथ्याचा वाटा वजा केला की तिघांची असमता उरते. ही युक्ती फ्रेंच गणिती कोशी याने १८२१ मध्येच वेगळ्या कामासाठी वापरली होती: धन संख्यांची भूमितीय सरासरी त्यांच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा जास्त नसते, हे दाखवण्यासाठी. जेन्सनच्या नजरेतून पाहिले तर कोशीचा निष्कर्ष लॉगॅरिथमच्या आलेखातून निघतो. तो आलेख पालथ्या वाटीसारखा वळलेला असतो, आणि वाटी पालथी झाली की असमतेचे चिन्हही उलटते.

चिन्ह उलटण्याची हीच गोष्ट हिशेबात सर्वाधिक दगा देते, कारण एकच फलन एका भागात उताणे आणि दुसऱ्या भागात पालथे असू शकते. घनाचेच घ्या. वाऱ्याचा वेग ऋण नसतो म्हणून वरचे सगळे ठीक चालले. पण -४ आणि २ हे आकडे घेतले, तर सरासरी -१ आणि तिचा घन -१. घन मात्र -६४ आणि ८, त्यांची सरासरी -२८. असमता मोडली, कारण शून्याच्या डावीकडे घनाचा आलेख पालथा आहे. आकडे जिथून जिथपर्यंत पसरले आहेत, त्या साऱ्या पट्ट्यात आलेख एकाच बाजूने वळलेला आहे का, हे आधी पाहावे लागते. द्वितीय विकलज काढता येत असेल तर काम सोपे: तो त्या पट्ट्यात कुठेही ऋण नसेल तर वाटी उताणी.

पवनचक्कीच्या यंत्रात तर हे रोजच घडते. वाऱ्यातली शक्ती घनाने वाढत राहते, पण यंत्रातून निघणारी वीज नाही. साधारण ३ मीटरच्या वेगाला चक्की वीज देऊ लागते, मग वीज झपाट्याने चढते, पुढे चढ मंदावतो आणि यंत्राची क्षमता गाठली की आलेख आडवा होतो. पाती आपला कोन बदलून जादा वारा सोडून देतात. समजा, २००० किलोवॅटची एक चक्की १२ च्या वेगाला पूर्ण क्षमता गाठते आणि १० ला १५०० किलोवॅट देते. वारा सतत १२ ने वाहिला तर २००० किलोवॅट मिळतील. तो अर्धा वेळ १० आणि अर्धा वेळ १४ ने वाहिला, तर सरासरी वेग तोच, पण वीज १५०० आणि २०००, म्हणजे सरासरी १७५०. मंद वाऱ्याच्या पट्ट्यात चढउतारांनी वीज वाढवली होती. इथे तेच चढउतार २५० किलोवॅट खातात.

म्हणून विजेचा अंदाज बांधणारे अभियंते एका सरासरी वेगावर थांबत नाहीत. दहा-दहा मिनिटांच्या नोंदींवरून कोणता वेग वर्षात किती तास होता याची वाटणी करतात, प्रत्येक वेगाला यंत्राच्या आलेखावरून वीज काढतात आणि सरासरी अगदी शेवटी घेतात. त्या दहा मिनिटांच्या आतही वारा हलतोच, आणि तिथेही हीच असमता लागू होते: कमी वेगाला नोंदीवरून काढलेली वीज खऱ्यापेक्षा थोडी कमी येते, आणि क्षमतेच्या उंबरठ्याजवळ थोडी जास्त.