फाटलेल्या फोटोतला अर्धा चेहरा

जुन्या स्टुडिओतले फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून मिळत. हा पुठ्ठा बहुधा लाकडाच्या लगद्याचा असे. त्यातल्या आम्लामुळे तो वर्षानुवर्षं वाळत, ठिसूळ होत जातो. भिंतीवरून उतरवताना, ट्रंकेत सरकवताना जोर पडतो तो कोपऱ्यावर, आणि कोपरा पुठ्ठ्यासकट तुटतो. तुटलेला तुकडा जपून ठेवला असेल तर काम सोपं. दोन्ही भाग स्कॅन करून संगणकावर जोडता येतात. तुकडाच हरवला असेल आणि त्याच्यासोबत चेहऱ्याचा भाग गेला असेल, तर मात्र त्याच माणसाच्या दुसऱ्या फोटोंकडे वळावं लागतं.

उदाहरण म्हणून साधारण 1940च्या दशकातला नवरा-बायकोचा फोटो घेऊ. नऊवारीतली आजी खुर्चीवर बसलेली, शेजारी कोट आणि फेटा घातलेले आजोबा उभे. वरचा उजवा कोपरा गेलेला आहे आणि त्याच्याबरोबर आजोबांचा एक डोळा, कान, फेट्याचा अर्धा भाग आणि खांदा. घरात आजोबांचे आणखी तीन फोटो सापडतात. एक म्हातारपणी ओळखपत्रासाठी काढलेला, समोरून, अगदी स्वच्छ. दुसरा कुणाच्या तरी मुंजीत, भर उन्हात. तिसरा काही वर्षांनी मुलांसह स्टुडिओत काढलेला. त्यात चेहरा छोटा आहे आणि थोडा धूसरही.

बहुतेक जण ओळखपत्राचा फोटो उचलतील आणि तिथेच काम बिघडेल. आधी चेहऱ्याचा कोन जुळायला हवा. मूळ फोटोत आजोबांची मान किंचित आपल्या डावीकडे वळलेली आहे. समोरून काढलेल्या फोटोतला डोळा तिथे बसवला, तर तो नाकापासून चुकीच्या अंतरावर पडतो आणि माणूस अनोळखी दिसू लागतो. कोनानंतर पाहायचा तो उजेड. नाकाची सावली कुठे पडली आहे ते पाहिलं की उजेडाची दिशा कळते. आपल्या फोटोत खिडकीचा मऊ उजेड डावीकडून आला आहे, म्हणजे हरवलेली बाजू सावलीतली. मुंजीच्या फोटोत मान बरोबर वळली आहे, पण ऊन डोक्यावरचं असल्यामुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडल्या आहेत. मुलांसोबतच्या फोटोत मान आणि उजेड दोन्ही जुळतात. धूसर असला तरी निवडायचा तोच.

मूळ फोटो 600 डीपीआयवर, रंगीत पद्धतीनेच स्कॅन करावा, म्हणजे पिवळे डाग रंगावरून ओळखून वेगळे काढता येतात. त्यात चेहरा अडीच सेंटिमीटर उंच असेल, तर सुमारे 590 पिक्सेल मिळतात. दुसऱ्या फोटोत तो दीड सेंटिमीटरच असल्यामुळे तो 1200 डीपीआयवर घ्यायचा. म्हणजे 700च्या वर पिक्सेल येतात आणि चेहरा ताणून मोठा करायची वेळ येत नाही. फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढून सोडवू नये. कागदावरचा चित्राचा थर काचेवरच राहून जातो. तो काचेसकट स्कॅन करावा.

आता माप जुळवायचं. एरवी दोन डोळ्यांमधलं अंतर धरतात, पण इथे एकच डोळा उरला आहे. शिवाय मान थोडी जरी जास्त वळली तरी आडवी अंतरं आक्रसतात. उभ्या अंतरात तेवढा फरक पडत नाही, मान वर-खाली झुकलेली नसली म्हणजे झालं. म्हणून उरलेल्या डोळ्याच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतचं अंतर मोजायचं. मूळ फोटोत ते 300 पिक्सेल आणि दुसऱ्यात 360 भरलं, तर दुसरा फोटो 83 टक्क्यांवर आणायचा. मग फोटोशॉपमध्ये किंवा मोफत मिळणाऱ्या गिंपमध्ये तो वेगळ्या लेयरवर ठेवून अर्धपारदर्शक करायचा आणि नाक, ओठ, हनुवटी एकमेकांवर बसेपर्यंत सरकवायचा.

त्यानंतर लेयरला मास्क लावून नको तो भाग झाकायचा. यात खरं कसब आहे ते सांधा कुठे ठेवायचा याचं. फाटलेल्या कडेवरूनच जोड दिला, तर गालावर ओरखडा राहतो. नाकाची कड, गालावरची सावली, फेट्याची कपाळावरची किनार अशा जिथे मुळातच उजेड-अंधार बदलतो त्या रेषांवर सांधा लपतो. फेटा मात्र दुसऱ्या फोटोतून घेऊ नये. तो दरवेळी नव्याने बांधलेला असतो, घड्या कधीच जुळत नाहीत; उरलेल्या घड्याच पुढे वाढवाव्यात. कोटाचं कापड आणि मागचा पडदा त्याच फोटोच्या शाबूत भागातून घ्यावा.

काळ्या-पांढऱ्या रंगाची जुळणी वाटते त्याहून अवघड असते. त्या काळात बऱ्याच स्टुडिओंत वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. त्यामुळे लाल कुंकू काळं, ओठ गडद आणि गव्हाळ कातडी सावळी उमटे. पुढच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तेच ओठ बरेच फिकट येतात. म्हणून दोन फोटो अशा वेगवेगळ्या फिल्मवरचे असतील, तर सगळा चेहरा एकसारखा गडद करून भागत नाही. ओठ आणि कातडी वेगवेगळी जुळवावी लागतात. हे काम दोन्ही फोटो राखाडी करून करावं, जुना तपकिरी रंग शेवटी द्यावा. बसवलेला भाग जास्त स्पष्ट दिसत असेल तर तो किंचित धूसर करावा आणि मूळ फोटोत दिसते तेवढी रवाळ पोत त्यावर चढवावी. ही पोत राहून गेली, तर तो भाग प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत दिसतो.

चूक पकडायची असेल तर आधी डोळ्यांतला पांढरा ठिपका पाहावा. तो खिडकीचं प्रतिबिंब असतो. उरलेल्या डोळ्यात तो बुबुळाच्या वर डावीकडे असेल, तर बसवलेल्या डोळ्यातही तिथेच हवा. बुबुळ एक-दोन पिक्सेल सरकलं तरी आजोबा तिरळे दिसतात. सगळा फोटो आडवा उलटा करूनही पाहावा. सवयीने दिसेनाशा झालेल्या चुका लगेच डोळ्यांत येतात.

उरलेला अर्धा चेहरा उलटा करून चिकटवण्याचा सोपा मार्ग पुष्कळ जण घेतात. कुणाचाच चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो, आणि उलटवताना उजेडही उलटा होतो. मग एकाच चेहऱ्यावर दोन्ही बाजूंनी खिडकी असल्यासारखं दिसतं. वयाचंही तसंच. मोठ्या माणसाच्या डोळ्यांमधलं अंतर फारसं बदलत नाही, पण पापण्या उतरतात, गाल बसतात, कानाची पाळी लांबते. साठीतला कान तिशीतल्या चेहऱ्याला लावायचा तर पाळी आखूड करावी लागते आणि तिथे आपला अंदाज सुरू होतो.

हा अंदाज लपवू नये. कलाकृतींच्या जतनाविषयी लिहिणारे इटलीचे चेझारे ब्रांदी यांनी 1963 मधल्या पुस्तकात सांगितलेला नियम घरच्या फोटोलाही लागू पडतो: दुरुस्ती दुरून खटकू नये, पण जवळून पाहणाऱ्याला ओळखता यावी. कोन आणि उजेड जुळणारा एकही फोटो नसेल, तर डोळा गढून काढण्यापेक्षा ती जागा आजूबाजूच्या राखाडी छटेने शांतपणे भरून ठेवणं अधिक प्रामाणिक. हरवलेल्या भागापलीकडे हात लावायचा नाही. आहे तो चेहरा 'सुधारायचा' मोह तर कटाक्षाने टाळायचा.

दुरुस्त केलेली प्रत फ्रेम करून लावा, पण पहिला स्कॅन जसाच्या तसा वेगळा ठेवा. नव्या प्रतीच्या मागे पेन्सिलीने लिहा की कोणता भाग नंतर भरला आणि तो कोणत्या फोटोतून घेतला. फाटका मूळ फोटो आम्लविरहित कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. त्याला सेलोटेप लावू नका आणि तो टाकूनही देऊ नका. उद्या कुणा नातेवाइकाच्या अल्बममधून अधिक जुळणारा फोटो निघाला, तर हे काम पुन्हा त्या फाटक्या फोटोपासूनच सुरू करावं लागेल.